घड्याळाला 'अडथळामुक्त सेवा' कशाला हवी?

*माझ्या वडिलांना एक स्मार्ट घड्याळ भेट मिळालं. खोक्यातल्या कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर एक फाइल उतरली आणि अ‍ॅप बसलं, पण ते सगळं चिनी भाषेत आहे. पहिल्या पानावर आठ ओळी आणि खाली दोन बटणं. दुसऱ्या फोननं फोटो काढून पाठवतो आहे. भाषांतराच्या अ‍ॅपनं एका ओळीचं 'अडथळामुक्त सेवा' असं केलं. वडिलांनी निळं बटण दाबलं. मग फोननं मराठीत काही प्रश्न विचारले, त्यातल्या काहींना त्यांनी होकार दिला, पण कशाला ते आठवत नाही. पुढे अ‍ॅपनं आणखी एक पान दाखवलं, त्यात तीन ठिपक्यांवर बोट ठेवल्याचं चित्र आहे (दुसरा फोटो). तिथं ते थांबले. यातलं काय द्यावं आणि कशात धोका आहे? फोन अँड्रॉइड १३ चा आहे.*

आधी फोन विमान मोडवर टाका आणि वाय-फायही बंद असल्याची खात्री करा. बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द 'मराठीत' हा आहे. परवानगीचा खरा प्रश्न अ‍ॅप विचारत नाही, फोन विचारतो, आणि फोन तो स्वतःच्या भाषेत विचारतो. वडिलांचा फोन मराठीत आहे, म्हणून अ‍ॅप चिनी असो वा आणखी कुठलं, 'अमुक अ‍ॅपला संपर्क पाहू द्यायचे का' ही छोटी चौकट मराठीतच येणार. त्यात परकं असेल ते फक्त अ‍ॅपचं नाव. याचा सरळ अर्थ असा, की तुम्ही फोटो काढलेलं ते आठ ओळींचं पान फोननं दाखवलेलं नाही. ते अ‍ॅपनं स्वतः रंगवलेलं आहे. तिथलं निळं बटण दाबून अ‍ॅपला फोनमधलं काहीही मिळालं नाही. मिळालं असेल ते त्यानंतरच्या मराठी होकारांमधून. त्या बटणावर 全部开启 लिहिलंय, म्हणजे 'सगळं चालू करा'. शेजारचं फिकट राखाडी, जे डोळ्यांत भरूच नये अशा बेतानं ठेवलंय, ते 暂不, म्हणजे 'सध्या नको'.

आयफोनवर यात थोडा फरक पडतो. तिथं चौकटीतला प्रश्न फोनच्या भाषेत असतो, पण त्याखालचं 'कशासाठी' हे वाक्य अ‍ॅपवाल्यांनी लिहिलेलं असतं आणि ते परक्या भाषेत येऊ शकतं. तरी आयफोन कुठल्याही बाहेरच्या अ‍ॅपला एसएमएसचा साठा किंवा कॉलची यादी वाचूच देत नाही, त्यामुळे तुमच्या फोटोतली अर्धी यादी तिथं उभीच राहिली नसती.

आता फोटो. प्रत्येक ओळीत ठळक अक्षरांत परवानगीचं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरांत 用于 या दोन चिन्हांनी सुरू होणारं वाक्य आहे. 用于 म्हणजे 'यासाठी'. नाव आणि कारण एकमेकांना शोभतात का, एवढंच अशा पानावर बघायचं असतं.

पहिली ओळ 位置信息, म्हणजे तुमचं ठिकाण. कारण दिलंय: जवळची ब्लूटूथ उपकरणं शोधण्यासाठी. घड्याळ जोडायला ठिकाण कशाला, असं कुणालाही वाटेल, पण हे कारण अगदीच बनावट नाही. दुकानांत, विमानतळांवर लहान ब्लूटूथ खुणा बसवलेल्या असतात. त्या कुठल्या दिसतात यावरून माणूस कुठे उभा आहे ते कळतं. म्हणून अँड्रॉइडनं आवृत्ती ६ पासून ११ पर्यंत ब्लूटूथ उपकरणं शोधू पाहणाऱ्या अ‍ॅपला ठिकाणाची परवानगी सक्तीची केली होती. अँड्रॉइड १२ मध्ये, म्हणजे २०२१ साली, 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली आणि ती गरज संपली. वडिलांचा फोन १३ चा आहे, तेव्हा नव्यानं नीट लिहिलेलं अ‍ॅप नुसतं घड्याळ जोडायला ठिकाण मागणार नाही. जुनं अ‍ॅप मागेल. चालण्याचा रस्ता नकाशावर काढणारं किंवा हवामान दाखवणारंही मागेल. त्यामुळे ही ओळ मला खटकत नाही. द्यायचीच झाली तर 'अ‍ॅप वापरात असतानाच' या अर्थाचा पर्याय निवडा. 'नेहमी' हा पर्याय अँड्रॉइड ११ पासून त्या छोट्या चौकटीत येतच नाही. तो द्यायला सेटिंग्जच्या पानावर जावं लागतं. एखादं अ‍ॅप तुम्हाला तिथवर नेत असेल तर त्याला चोवीस तास तुमचा पत्ता हवा आहे.

电话 आणि 通话记录 (फोन आणि कॉलची यादी), त्यांच्या खाली 通讯录 (संपर्क). कारण: फोन आला की घड्याळावर कळावं आणि नाव दिसावं. हेही जुळतं. फोन वाजतोय एवढंच कळायला 'फोन' ही परवानगी पुरते, पण कुणाचा नंबर आहे हे कळायला अँड्रॉइड ९ पासून कॉलच्या यादीचीही लागते, आणि नंबराऐवजी नाव हवं तर संपर्कांचीही. म्हणजे मागणी प्रामाणिक असू शकते. तरी हात आखडता घ्या. संपर्कांची परवानगी म्हणजे एका नावाची नव्हे, अख्ख्या वहीची. तीत वडिलांपेक्षा इतरांचीच माहिती जास्त असते, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. शिवाय इथं काळाचा हिशेब उलटा चालतो: वही उतरवून घ्यायला काही क्षण पुरतात, नंतर परवानगी काढून घेतली तरी गेलेली वही परत येत नाही. मी स्वतः एकदा अशाच एका अ‍ॅपला 'बघू तर' म्हणून संपर्क दिले होते आणि दहा मिनिटांत काढून घेतले. त्या दहा मिनिटांचा काही उपयोग नव्हता हे मला नंतर उमगलं.

पुढच्या ओळीवर तुमच्या फोटोत दिव्याची तिरीप पडली आहे आणि पहिलं चिन्ह पार धुऊन गेलंय. दिसतं ते फक्त 信. ते 短信 असेल तर एसएमएस आणि 微信 असेल तर वीचॅट. एका चिन्हाचा फरक, पण धोक्यात जमीन-अस्मानाचा. खालच्या बारीक वाक्यात 短信提醒, 'एसएमएस आल्याची आठवण', असं स्पष्ट वाचता येतं म्हणून शंका मिटली. पुढच्या वेळी शक्यतो त्याच फोनवर स्क्रीनशॉट घ्या. दुसऱ्या फोननंच फोटो काढावा लागला तर थोडा तिरका धरून दोन काढा, आणि पान खाली सरकत असेल तर खालचाही भाग काढा. नको असलेली ओळ बहुधा पान खाली सरकवल्यावरच दिसते.

तर एसएमएस. ही देऊ नका. मेसेज आल्याचं घड्याळावर दाखवायला एसएमएसची परवानगी लागतच नाही. त्याच यादीत पुढे सूचना वाचण्याची परवानगी मागितली आहे, आणि एसएमएस आला की त्याची सूचना उमटतेच. मग ही दुसरी कशाला? एसएमएसच्या परवानगीत जुने सगळे मेसेज वाचणं, नवे आले की लगेच पाहणं आणि अ‍ॅपनं तशी तरतूद केलेली असेल तर वडिलांच्या नावानं मेसेज पाठवणं, हे सगळं एकाच होकारात येतं. बँकेचा ओटीपी याच दारानं येतो. गूगलनं २०१९ पासून आपल्या प्ले स्टोअरमध्ये एसएमएस आणि कॉलच्या यादीच्या परवानग्या फार थोड्या अ‍ॅपपुरत्या मर्यादित केल्या, मुख्यतः जी अ‍ॅप फोनवर मेसेजचं किंवा कॉलचं मूळ काम करतात त्यांच्यापुरत्या. बाकीच्यांना ठोस कारण दाखवून सूट मागावी लागते. क्यूआर कोडवरून उतरलेल्या फाइलला हे कुंपण लागू होत नाही. ती ओळ तुमच्या यादीत निवांत बसली आहे त्याचं एक कारण हेच.

आता 通知使用权. भाषांतरात 'सूचना वापरण्याचा अधिकार' असं काहीतरी आलं असेल आणि तुम्ही ते सोडून दिलं असेल, कारण सूचना म्हटलं की आपल्याला अ‍ॅपची टिंगटिंग आठवते. ती वेगळी. अ‍ॅपला स्वतःच्या सूचना दाखवू देणं ही साधी गोष्ट आहे, अँड्रॉइड १३ पासून त्यासाठीही विचारतात, आणि फार तर त्रास होतो. 使用权 ही तीन चिन्हं शेपटीला जोडली की अर्थ पालटतो: इतर सगळ्या अ‍ॅपच्या सूचना वाचणं आणि त्या पुसून टाकणं. आलेला ओटीपी वाचून, वडिलांनी पाहण्याआधी तो पडद्यावरून काढून टाकणं यात बसतं.

पण खरी अडचण अशी, की मेसेज दाखवणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक घड्याळाला हीच परवानगी लागते. म्हणून 'धोक्याची आहे, देऊ नका' असं मी सरसकट म्हणणार नाही. मी विचारीन ते हे: वडिलांना घड्याळावर मेसेज वाचायचे आहेत का? पावलं, झोप आणि नाडी एवढंच बघायचं असेल तर ही ओळ नाकारून काही अडत नाही. वाचायचे असतील तर अ‍ॅप स्टोअरमधलं असावं, आणि तरीही दार अर्धंच उघडावं. सेटिंग्जमधल्या सूचना-वाचनाच्या पानावर त्या अ‍ॅपच्या नावावर दाबलं की अँड्रॉइड १२ पासून कुठल्या अ‍ॅपच्या सूचना त्याला दिसाव्यात हे निवडता येतं. तिथं मेसेजचं आणि बँकेचं अ‍ॅप बंद ठेवायचं. गप्पांचं चालू राहू द्या. घड्याळाच्या अ‍ॅपमध्येही अशी निवड असते, पण तिच्यावर विसंबू नका. तिथं तुम्ही ठरवता ते घड्याळावर काय दिसावं हे. अ‍ॅपला काय वाचता यावं हे फोनच्या सेटिंग्जमध्येच ठरतं.

कॅमेरा आणि 自启动, म्हणजे फोन सुरू होताच आपोआप सुरू होणं, या दोन ओळी चटकन उरकतो. कॅमेरा कोड स्कॅन करायला लागतो, तेव्हा 'फक्त या वेळी' द्या. दुसरीनं बॅटरी खर्च होते, पण घड्याळ जोडलेलं राहायला ती बऱ्याचदा लागते.

उरली शेवटची ओळ, तुमची 'अडथळामुक्त सेवा'. 无障碍. भाषांतर चुकलेलं नाही, शब्दशः अर्थ तोच आहे, आणि म्हणूनच ते फसवं आहे. चिनीत हा शब्द अपंगांसाठीच्या सोयींना वापरतात, उतरता पदपथ म्हणा, व्हीलचेअरची वाट म्हणा. फोनमध्ये तो ज्याला वापरलाय त्याला आपल्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' म्हणतात. ही सोय दृष्टिहीन माणसाला पडदा वाचून दाखवता यावा आणि हात न चालणाऱ्याच्या वतीनं बटणं दाबता यावीत म्हणून केलेली आहे. ते काम करायचं तर तिला समोर उघडलेल्या जवळजवळ कुठल्याही अ‍ॅपमधला मजकूर वाचता यावा लागतो आणि बोटाशिवाय दाबताही यावं लागतं. हीच ताकद भलत्याच्या हातात गेली की बँकेच्या अ‍ॅपमधली शिल्लक वाचली जाते, पैसे पाठवायची बटणं दाबली जातात आणि फोननं 'एसएमएस द्यायचा का' असं मराठीत विचारलं तर तोच हात 'हो' दाबू शकतो. म्हणजे इथं एक होकार दिला की बाकीचे नकार फारसे उरत नाहीत.

या ओळीचं कारण वाचा: 用于保持后台运行, 'मागे चालू राहण्यासाठी'. मागे चालू राहायला तर वरची 自启动 मागितलेलीच आहे. पडदा वाचण्याचा आणि बटणं दाबण्याचा मागे चालू राहण्याशी काय संबंध? ही सेवा चालू असली की फोन ते अ‍ॅप सहसा बंद करत नाही, हे खरं आहे, आणि काही आळशी अ‍ॅपवाले ती पळवाट म्हणून वापरतात. हे अ‍ॅप आळशी आहे की लबाड, हे फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. पण आळसासाठी घराच्या किल्ल्या कुणी देत नाही.

दुसऱ्या फोटोमुळे माझं मत पक्कं झालं. त्यातली ओळ आहे 允许受限制的设置, 'निर्बंध घातलेल्या सेटिंगला परवानगी द्या'. अँड्रॉइड १३ मध्ये, २०२२ साली, अशी सोय आली की बाहेरून फाइल उतरवून बसवलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि सूचना-वाचन सहजासहजी देता येऊ नये. बटण करडं दिसतं आणि दाबलं तर फोन सांगतो की तुमच्या सुरक्षेसाठी हे सध्या उपलब्ध नाही. हा निर्बंध उठवायची वाट आहे, पण मुद्दाम आडवळणाची: अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर जाऊन वरचे तीन ठिपके. तुमच्या वडिलांना चित्र काढून दाखवली ती हीच. ज्या अ‍ॅपला फोननं दारात अडवलं, तेच पहारेकऱ्याला कसं बाजूला करायचं ते घरमालकाला शिकवतंय. ते पान वडिलांपर्यंत पोचलं यावरून अ‍ॅक्सेसिबिलिटी अजून दिली गेली नसावी, पण हा अंदाज आहे, तपासायला हवं.

तपासताना एक गोम लक्षात ठेवा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या नावावर जाऊन 'परवानग्या' उघडल्या की ठिकाण, संपर्क, एसएमएस, कॅमेरा यांची यादी दिसते, आणि माणूस ती पाहून निश्चिंत होतो. पण अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि सूचना-वाचन त्या यादीत नसतातच. इतर अ‍ॅपच्या वर पडदा पसरण्याचा हक्कही तिथं नसतो. त्यांची पानं निराळी असतात. ती कुठे आहेत हे फोनच्या कंपनीगणिक बदलतं, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत शब्द टाकून एकेक उघडा आणि हे अ‍ॅप तिथं चालू आहे का ते बघा. वडिलांनी कशाकशाला होकार दिला ते या दोन ठिकाणांवरून तुम्हाला बरोबर कळेल. कागदावर लिहून ठेवा, कारण अ‍ॅप काढल्यावर ही नोंद जाते.

मग अ‍ॅप काढून टाका. अ‍ॅक्सेसिबिलिटी चालू सापडली तर आधी ती बंद करा. सेटिंग्जचं पान उघडताच आपोआप मिटत असेल, किंवा काढण्याचं बटण दाबता येत नसेल, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. त्यात बाहेरून बसवलेली अ‍ॅप चालत नाहीत. तिथं 'डिव्हाइस प्रशासक' या पानावर त्याचं नाव असेल तर ते काढा, मग अ‍ॅप. त्यासोबत उतरलेली फाइलही डाउनलोडमधून पुसा, नाहीतर चार दिवसांनी वडीलच ती पुन्हा उघडतील.

पुढचं तुमच्या कागदावर अवलंबून. फक्त ठिकाण आणि कॅमेरा दिला असेल तर विषय संपला. एसएमएस किंवा सूचना-वाचन दिलं असेल तर वडिलांच्या बँकेला आजच कळवा आणि त्या काळात कुठलाही व्यवहार किंवा नवं लॉगिन झालंय का ते पाहा. अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली असेल तर बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, पण या फोनवरून नको, तुमच्या फोनवरून. आणि महत्त्वाचं दुसरीकडे उतरवून घेऊन तो फोन कोरा केलेला बरा. संपर्क दिले असतील तर ते गेले असं धरून चाला. ओळखीच्यांना एवढंच सांगा, की वडिलांच्या नावानं पैसे मागणारा मेसेज आला तर आधी फोन करून विचारा.

घड्याळ फेकू नका. वस्तू चांगली असू शकते, आणि कागदावरचा कोड छापणारा आणि घड्याळ बनवणारा एकच असेल असंही नाही. घड्याळाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये 'माहिती' या पानावर मॉडेलचं नाव मिळेल. ते घेऊन प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅप शोधा. मिळालं तर 'जवळपासची डिव्हाइस' एवढीच परवानगी देऊन सुरुवात करा आणि आठवडाभर वापरून बघा. बाकी प्रत्येक चौकटीला नकार द्या. अँड्रॉइड ११ पासून एकाच परवानगीला दोनदा नकार दिला की फोन ती चौकट पुन्हा दाखवत नाही, त्यामुळे वडिलांनाही सतत छळ होणार नाही. एखादी सोय चालली नाही आणि ती खरंच हवी असली, तर त्या एका सोयीपुरती परवानगी सेटिंग्जमधून द्या.

नकार दिला म्हणून अ‍ॅप आपणहून बंद पडत असेल तर ते ठेवू नका. खुद्द चीनमध्ये १ मे २०२१ पासून नियम आहे की गरजेपलीकडची माहिती दिली नाही म्हणून अ‍ॅपनं मूळ सेवा नाकारायची नाही. आणि स्टोअरमध्ये त्या मॉडेलचं अ‍ॅपच नसेल, तर बरीचशी घड्याळं अ‍ॅपशिवायही वेळ, पावलं आणि नाडी दाखवतात. फक्त पहिल्यांदा वेळ लावायला ते अ‍ॅप मागतं का, ते आधी बघून घ्या.